नारिंगी मास्क भागाकाराने काढा: कलर निगेटिव्हच्या स्कॅनमधून रंग मिळवण्याची पद्धत

कलर निगेटिव्ह स्कॅन करून कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नुसतं उलटं केलं, की फोटोवर निळसर-हिरवट झाक पसरते. मग बहुतेक जण रंगांचे स्लायडर सरकवायला बसतात. चेहरे जरा माणसांत येईपर्यंत सावल्या हिरव्या पडलेल्या असतात, आणि सावल्या सुधारल्या की आकाश गुलाबी होतं. हे न संपणारं काम टाळायचं असेल, तर नारिंगी रंग उलटं करण्याच्या आधी काढायचा, तो वजाबाकीने नव्हे तर भागाकाराने काढायचा, आणि हे सगळं लीनियर स्कॅनवर करायचं. पुढची पद्धत या तीन गोष्टींवरच उभी आहे.

तो नारिंगी रंग तिथे का असतो

निगेटिव्हमध्ये रंगाचे तीन थर असतात: सायन, मॅजेंटा आणि पिवळा. मॅजेंटा रंगद्रव्याने फक्त हिरवा प्रकाश अडवावा अशी अपेक्षा असते, पण प्रत्यक्षात ते थोडा निळाही अडवतं. सायननेही फक्त लाल अडवायला हवा, पण तो हिरवा आणि निळाही थोडा खातो. हा दोष तसाच राहिला तर प्रिंटमध्ये रंग मळकट येतात, आणि जिथे रंगद्रव्य जास्त तिथे दोषही जास्त, त्यामुळे एकच फिल्टर लावून तो जात नाही.

कोडॅकच्या वेस्ली हॅन्सन यांनी १९४० च्या दशकात यावर फार सुंदर उपाय काढला. रंगद्रव्य ज्या कप्लर नावाच्या रसायनापासून बनतं, तो कप्लरच रंगीत ठेवायचा. मॅजेंटा थरातला कप्लर पिवळसर, सायन थरातला गुलाबी-लालसर. डेव्हलपिंगच्या वेळी जिथे रंगद्रव्य तयार होतं, तिथे तेवढा कप्लर खर्च होतो आणि त्याचा मूळचा रंग जातो. म्हणजे जिथे दोष वाढला तिथे कप्लरचा रंग तेवढाच घटला. दोन्हींची बेरीज फिल्मभर सारखी राहते. उरलेला पिवळा आणि गुलाबी मिळून आपल्याला नारिंगी दिसतो. १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ प्रक्रियेच्या फिल्ममध्येही हीच युक्ती आहे.

आपल्या कामाची गोष्ट ही, की मास्कमुळे प्रत्येक रंगाचा प्रकाश फिल्मभर एकाच पटीने कमी होतो. तो सगळीकडे सारख्या पटीत कमी झालाय, म्हणून सगळीकडे एकाच आकड्याने भागलं की तो निघून जातो. हा आकडा फिल्मवरच मिळतो: दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या पट्टीत, जिथे कधीच प्रकाश पडला नाही. त्या जागेला आपण बेस म्हणू.

स्कॅन कसा हवा

भागाकार बरोबर यायला फाइलमधले आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात हवेत. प्रकाश दुप्पट तर आकडा दुप्पट. नेहमीच्या जेपेगमध्ये तसं नसतं. तिथे आकड्यांवर गामा लावून आणि वर कॅमेऱ्याचा किंवा स्कॅनरचा कर्व्ह चढवून ठेवलेला असतो. अशा फाइलवर बेसने भागलं तर मधले टोन चुकतात. म्हणून १६ बिटची लीनियर टिफ फाइल घ्या.

फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर व्ह्यूस्कॅनमध्ये `Output` खाली `Raw file` वर खूण करा आणि `Raw file type` मध्ये `48 bit RGB` निवडा. कॅमेऱ्याने लाइट पॅडवर फोटो काढत असाल तर रॉ फाइलमध्येच काढा आणि ती अशी उघडा:

```
dcraw -4 -T -o 0 -r 1 1 1 1 neg.NEF
```

यात `-4` म्हणजे १६ बिट लीनियर, `-o 0` म्हणजे कुठलीही कलर स्पेस न लावता, आणि शेवटचे चार एक म्हणजे व्हाइट बॅलन्सशिवाय. कॅमेऱ्याची फाइल लीनियर आहे का हे तपासणं सोपं आहे. कोऱ्या फिल्मचा एक फोटो १/६० ला आणि दुसरा १/३० ला घ्या. दुसऱ्यात आकडे दुप्पट आले तर फाइल ठीक आहे. ही फाइल स्क्रीनवर काळपट आणि कुरूप दिसते, ते अगदी योग्य आहे.

स्कॅन करताना दोन गोष्टींवर लक्ष हवं. पहिली एक्सपोजरची. बेस हा निगेटिव्हचा सगळ्यात उजळ भाग, आणि त्यातही लाल चॅनल सगळ्यात वर असतो. तो ६५५३५ ला टेकला की सावल्यांमधली लाल माहिती गेली, आणि पॉझिटिव्हमध्ये सावल्या सायन होतात. कॅमेऱ्याच्या रॉमध्ये ही कमाल मर्यादा त्याहून खालीही असू शकते, त्यामुळे लाल तिच्या बऱ्यापैकी खाली ठेवा. निळा चॅनल मात्र मास्कमुळे फार खाली राहतो आणि तिथेच नॉइज दिसतो, म्हणून उगाच अंडरएक्सपोजही करू नका. एक्सपोजर एकदा ठरलं की पूर्ण रोलसाठी तेच ठेवा. व्ह्यूस्कॅनमध्ये `Lock exposure`, कॅमेऱ्यात मॅन्युअल. ते बदलत राहिलं तर एका फ्रेममधला बेस दुसरीला लागू होत नाही.

दुसरी गोष्ट फिल्मच्या आजूबाजूने येणाऱ्या प्रकाशाची. लाइट पॅडचा उघडा भाग लेन्समध्ये चमकतो आणि निगेटिव्हचे गडद भाग फिकट करतो. फिल्मभोवती काळा जाड कागद कापून लावला की फोटोत लगेच जान येते. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय असेल तर ती कलर निगेटिव्हवर चांगली चालते, कारण ही रंगद्रव्यं इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात. फक्त लीनियर फाइल लिहिली जाताना ती सफाई लागू झाली आहे का, ते उघडून बघा.

बेस वाचणे

पायथॉनमध्ये `numpy` आणि `tifffile` एवढंच लागतं. कुठल्याही इमेज व्ह्यूअरमध्ये माउस नेऊन कोऱ्या पट्टीचे x आणि y बघून ठेवा, मग:

```python
import numpy as np, tifffile
n = tifffile.imread("neg.tiff")[..., :3].astype(np.float32)

def vacha(x, y, r=15):
    return np.median(n[y-r:y+r, x-r:x+r], axis=(0, 1))

print(vacha(120, 900))
```

सरासरीऐवजी मीडियन घेतलाय, म्हणजे एखादा धुळीचा कण मध्ये आला तरी आकडा बिघडत नाही. पट्टीवरच्या दोन-तीन ठिकाणी वाचून बघा. आकडे दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त हलत असतील तर प्रकाश एकसारखा नाही. आधी लाइट नीट करा. रोलची सुरुवातीची जीभ बेस म्हणून घेऊ नका, रोल भरताना तिच्यावर प्रकाश पडलेला असतो. फ्रेम काठोकाठ कापून स्कॅन झाली असेल तर त्याच रोलच्या दुसऱ्या पट्टीवरचा बेस चालतो, पण एक्सपोजर तेच हवं. दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या बनावटीच्या फिल्मचा बेस चालत नाही. काही फिल्ममध्ये तर मास्कच नसतो. २०२३ मध्ये आलेली हार्मनची फिनिक्स २०० हे त्याचं उदाहरण. भागाकार तिथेही करायचाच, फक्त आकडे वेगळे येतील.

एक फ्रेम पूर्ण करून बघू

समजा, नव्वदच्या दशकातला कोडॅक गोल्डचा रोल आहे. घाटात गाडी थांबवून काढलेला फोटो: लाल नऊवारीतल्या आजी मैलाच्या दगडाशेजारी उभ्या, मागे हिरवा डोंगर, पुढे डांबरी रस्ता, आणि सगळ्यावर दुपारचं ऊन. बेस वाचला तर लाल ३८०००, हिरवा १६५००, निळा ९५०० आला. नारिंगी म्हणजे आकड्यांत हे असं दिसतं.

आता फोटोत दोन जागा शोधायच्या ज्या खऱ्या आयुष्यात रंगहीन असतात. एक उजळ, एक गडद, आणि दोन्ही एकाच उजेडात. इथे मैलाच्या दगडाचा पांढरा भाग आणि उन्हातला जुना डांबरी रस्ता सापडतो. सावलीतला रस्ता घेऊ नका. सावलीवर निळ्या आकाशाचा उजेड असतो आणि हिशोब तिथेच चुकतो. पांढरं धोतर किंवा सदरा बघूनही मोह होतो, पण घरोघरी कपडे निळीत बुडवत, त्यामुळे ते खरोखरच निळसर असतात. चुन्याच्या भिंतीतही नीळ घालत. गाडीचा पांढरा रंग बऱ्याचदा क्रीमकडे झुकलेला असतो. सिमेंट, जुनं डांबर, रस्त्यावरचे पांढरे पट्टे यांच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

दगडावर वाचन आलं: ८४००, ३३००, १७२०. डांबरावर: २१०००, ८७००, ४७९०. आता प्रत्येक चॅनलमध्ये बेसला या आकड्याने भागायचं आणि त्याचा लॉग घ्यायचा. फिल्मच्या भाषेत ही बेसच्या वरची घनता. लाल चॅनलमध्ये दगडासाठी ३८००० भागिले ८४०० म्हणजे साधारण ४.५२, आणि त्याचा लॉग ०.६६. असंच करत गेलं की दगडाची घनता लाल ०.६६, हिरवी ०.७०, निळी ०.७४ येते. डांबराची ०.२६, ०.२८, ०.३०.

हे आकडे नीट बघा. लालमध्ये ३८००० आणि निळ्यात ९५०० असा चौपट फरक होता, तो भागाकाराने पूर्ण गेला. मास्क निघालाय. तरीही तीन आकडे तंतोतंत सारखे नाहीत. उरलेला हा फरक मास्कचा नाही. फिल्मच्या तीन थरांचा कॉन्ट्रास्ट थोडा वेगवेगळा असतो, आणि स्कॅनरचे लाल-हिरवे-निळे फिल्टर फिल्मच्या रंगद्रव्यांशी अगदी जुळत नाहीत, त्यामुळे तो येतो.

तो कसा मिटवायचा? दगड आणि डांबर यांच्यातलं अंतर बघा. पूर्ण दशांश घेतले तर लालमध्ये ते ०.३९८, हिरव्यात ०.४२१, निळ्यात ०.४४५ आहे. हिरवा प्रमाण मानला तर लालला ०.४२१ भागिले ०.३९८, म्हणजे सुमारे १.०६ ने गुणायचं आणि निळ्याला ०.९५ ने. गुणल्यावर दगड तिन्ही चॅनलमध्ये ०.७० वर येतो आणि डांबर ०.२८ च्या आसपास. एकाच वेळी उजळ आणि गडद दोन्ही जागा रंगहीन झाल्या. स्लायडरशी झगडताना नेमकं हेच साधत नव्हतं.

उरलेलं काम घनतेतून पुन्हा प्रकाशात यायचं. निगेटिव्ह फिल्मचा कॉन्ट्रास्ट साधारण ०.६ असतो, म्हणजे समोरच्या दृश्यातला फरक ती दाबून ठेवते. तो परत उलगडायला घनतेला १.७ ने गुणायचं:

```python
base = np.array([38000, 16500, 9500], np.float32)
mul  = np.array([1.06, 1.00, 0.95], np.float32)
off  = np.array([0.00, 0.00, 0.00], np.float32)

d = np.log10(base / np.maximum(n, 1)) * mul + off
p = 0.9 * 10 ** (1.7 * (d - 0.70))
p = np.clip(p - 0.05, 0, 1)
s = np.where(p <= 0.0031308, 12.92 * p,
             1.055 * p ** (1 / 2.4) - 0.055)
tifffile.imwrite("pos.tif", (s * 65535).astype(np.uint16),
                 photometric="rgb")
```

यातला ०.७० म्हणजे दगडाची घनता. तो भाग ०.९ म्हणजे जवळजवळ पांढरा व्हावा असं आपण सांगतोय. फोटो फार उजळ आला तर ०.७० वाढवा, काळा आला तर कमी करा. पुढची ०.०५ ची वजाबाकी काळ्यासाठी आहे. ती काढून टाकली तर फिल्मचा कोरा भागही स्क्रीनवर २५५ पैकी ६८ च्या आसपास राखाडी दिसतो आणि फोटो धुक्यातला वाटतो. वजाबाकीनंतर तो २२ वर उतरतो. दगड २३७ च्या आणि डांबर ९८ च्या आसपास येतं. शेवटच्या ओळींमध्ये एसआरजीबीचा नेहमीचा कर्व्ह आहे, म्हणजे फाइल कुठेही उघडली तरी तशीच दिसेल.

रंग अजून चुकत असेल तर

इथे दोन वेगळ्या चुका वेगळ्या ओळखता येणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पूर्ण फोटोवर, सावलीपासून आकाशापर्यंत, एकच झाक असेल तर तो उजेडाचा रंग आहे: संध्याकाळचं ऊन, ढगाळ दिवस, घरातला पिवळा बल्ब. त्यासाठी `off` मधला आकडा बदलायचा. फोटो पिवळा असेल तर निळ्यात ०.०३ मिळवून बघा, घनतेत ०.०३ हा डोळ्याला कळणारा बदल आहे, म्हणून एकदम ०.२ वगैरे टाकू नका. बेसचा निळा आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी वाचला गेला असेल तरी फोटो असाच पिवळा येतो, म्हणून आधी बेस पुन्हा वाचावा हे बरं.

सावल्या एका रंगाच्या आणि उजळ भाग त्याच्या उलट रंगाचा, म्हणजे सावल्या हिरवट आणि ढग गुलाबी, असं दिसलं तर दोष `mul` मध्ये आहे. इथे हिरवा चॅनल सावलीत जास्त आणि उजेडात कमी पडतोय, म्हणजे त्याचा चढ कमी आहे. `mul` मधला हिरव्याचा आकडा ०.०२ ने वाढवा आणि `off` मध्ये थोडा घटवा. असा दोष व्हाइट बॅलन्सने कधीच जात नाही.

आजींच्या फोटोचे `base` आणि `mul` त्या पूर्ण रोलला तसेच चालतील, कारण ते फिल्मचे आणि स्कॅनरचे गुण आहेत. फ्रेमप्रमाणे बदलायचं ते फक्त `off` आणि उजळपणाचा आकडा. यातून मोठा फायदा होतो. सॉफ्टवेअरची ऑटो पद्धत प्रत्येक फ्रेममधला प्रत्येक चॅनल स्वतंत्रपणे ताणते, आणि फ्रेममध्ये सगळे रंग समप्रमाणात असतील असं धरून चालते. हळदीच्या फोटोत असं नसतं. तिथे नवरी, अंगण, हात सगळं पिवळं. ऑटोने तो पिवळा मास्कचाच अवशेष समजून ओढून काढला की हळद राख दिसते आणि मांडवाचं कापड निळं. भातखाचरांच्या फोटोत हिरवा जातो, गुलालाच्या मिरवणुकीत लाल. आपण बेस फिल्मवरून घेतलाय, चित्रावरून नाही, म्हणून हळद पिवळीच राहते.

कोड लिहायचा नसेल तर

डार्कटेबलमधलं `negadoctor` मॉड्यूल याच विचारावर बनलंय. `filmic rgb`, `sigmoid` आणि `base curve` बंद करा, मग `negadoctor` च्या पहिल्या टॅबमध्ये फिल्मच्या रंगाचा पिकर कोऱ्या पट्टीवर चालवा. `corrections` टॅबमध्ये सावल्यांची झाक आणि उजळ भागांचा व्हाइट बॅलन्स वेगवेगळे सुधारता येतात. आपण डांबर आणि दगड घेऊन जे केलं तेच काम तिथे होतं. क्रम पाळा: आधी फिल्मचा बेस, मग बाकी सगळं.

गिम्पमध्ये करायचं तर फाइल १६ बिटमध्येच उघडा, वर एक लेयर बेसच्या रंगाने भरा आणि त्याचा मोड `Divide` करा. बेस पांढरा झाला की लेयर एकत्र करून `Colors` मधून `Invert` करा, आणि मग `Levels` मध्ये प्रत्येक चॅनल दगड आणि डांबर बघत जुळवा. साधं इन्व्हर्ट हे घनतेच्या हिशोबाची जागा पूर्णपणे घेत नाही, त्यामुळे मधले टोन थोडे वेगळे येतील. एक-दोन फोटोंसाठी तेवढं पुरतं.

जिथे ही पद्धत थांबते

अंडरएक्सपोज झालेल्या फ्रेममध्ये घनता मुळातच ०.१ च्या आसपास घुटमळते. तिथे फिल्मचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो आणि तिन्ही थर वेगवेगळे वळतात. सावल्या दाणेदार आणि रंगीत येतात, आणि त्यांना काळ्यात उतरवणं, म्हणजे ०.०५ ऐवजी ०.०७ किंवा ०.०८ वजा करणं, एवढंच हातात असतं.

दमट हवेत वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या निगेटिव्हची रंगद्रव्यं उडालेली असू शकतात. तीन रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, म्हणून `mul` चे आकडे १.३ किंवा ०.७ इतके लांब जातात. असे आकडे आले तर घाबरू नका, पण त्या रोलचा हिशोब दुसऱ्या रोलला लावू नका, आणि शक्य असेल तर त्याच रोलच्या दोन-तीन फ्रेमवरून तो ताडून घ्या.

फ्लॅश आणि ट्यूबलाइट एकत्र असलेल्या फोटोत चेहरे एका उजेडात आणि मागची भिंत दुसऱ्या उजेडात असते. चेहऱ्यांवर `off` बसवा आणि भिंत हिरवट राहू द्या, किंवा ती नंतर वेगळी निवडून सुधारा. दोन्ही जागा एकदम रंगहीन करायला `mul` ओढत बसलात तर चेहरेच बिघडतील.

काम झालं की लीनियर टिफ फाइल टाकून देऊ नका. तिच्या शेजारी बेसचे तीन आणि `mul` चे तीन आकडे लिहिलेली छोटी टेक्स्ट फाइल ठेवा, आणि फोल्डरला रोलचं नाव द्या. त्याच रोलची आणखी एखादी पट्टी कुणा नातेवाइकाच्या अल्बममध्ये सापडली, तर तिचा बेस वाचून या आकड्यांशी पडताळता येईल.